चौघींचा एक अहवाल

माझं अक्षर चांगलं होतं आणि ते चांगलं आहे हे मला फार लवकर कळलं होतं. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मी, लग्नपत्रिकेवर पत्ते लिहायला मी. त्यामुळे ट्रेनिंग स्कूलच्या मोठ्या बाईंनी आम्हा चौघींचा अहवाल एकत्र करायचं काम माझ्यावर सोपवलं, तेव्हा मला आनंद झाला, आश्चर्य मात्र मुळीच वाटलं नाही. एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट. मी अठरा वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं.

मोठ्या बाईंच्या डोक्यात त्या वर्षी ‘प्रोजेक्ट पद्धत’ शिरली होती. कुठल्याशा परिषदेहून त्या ती घेऊन आल्या होत्या. विद्यार्थ्यांनी नुसतं वाचू नये, बाहेर जाऊन माहिती गोळा करावी, आणि एकट्यानं नव्हे तर मिळून करावी, अशी ती पद्धत. होणाऱ्या शिक्षिकांनाही तोच नियम. दिवाळीच्या सुट्टीत एका भागातल्या मुलींनी एकेक गट करायचा आणि एक विषय घ्यायचा. कर्जत-खालापूरकडच्या आम्ही चौघी. आमचा विषय होता, आपल्या भागातल्या मुली शाळेत का येत नाहीत.

“चौघींचा मिळून एकच अहवाल,” बाई म्हणाल्या. “वाचताना एकसंध वाटला पाहिजे. पण कुणी काय केलं हे शेवटी स्वच्छ लिहिलेलं असलं पाहिजे. सुट्टीत मी कर्जतला डाकबंगल्यात उतरणार आहे, तिथे आणून द्या.”

यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं, दुसरं ऐकलं, तिसरं माझ्या कानावरून गेलं.

चौघींत एक मी, कर्जतची. वडील स्टेशनात मालधक्क्यावर कारकून, राहणं रेल्वेच्या क्वार्टरात. दुसरी चौकची. तिच्या काकांचं हमरस्त्यावर दुकान होतं आणि तिला पट्टीनं रेघा मारण्याचं वेड होतं. लाल शाई, काळी शाई, दुहेरी रेघ; मजकूर नसला तरी तिचा तक्ता बघत बसावा असा. तिसरी खालापूरची. ती आमच्याहून दहा वर्षांनी मोठी, विधवा, आधीपासून एका शाळेत शिकवत असलेली. तिला आम्ही ताई म्हणायचो. ताई लिहायला बसली की ‘अखिल स्त्रीजातीचा’ याच्या खाली उतरायचीच नाही. आणि चौथी पोशीरची, भातशेतीवाल्या घरातली, तिच्या घरात पाटीला हात लावणारी पहिली.

पोशीरकरणीचं त्या वर्षी सगळं टांगणीला लागलं होतं. तिचं गणित चोख, सरावाच्या शाळेतली मुलं तिच्यामागे लागून असायची, पण तिचं मराठी लेखन बाईंना पसंत नव्हतं. ती बोले तसं लिही. सहामाहीच्या निकालानंतर बाईंनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, की या अहवालातला तुझा भाग मी बघणार, आणि तो बघूनच तुला दुसऱ्या वर्षाला घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवणार. परत म्हणजे पोशीरला. तिथे तिच्या वडिलांनी एक स्थळ आधीच बघून ठेवलं होतं आणि त्या घरी शिकलेली सून नको होती. ती एकच सांगून गेली, “पास झाले तर बा गप बसंल. नायतर नाय.”

मला तिची फार काळजी वाटली, अगदी मनापासून. म्हणूनच पुढचा घोळ झाला.

प्रत्येकीनं आपापल्या गावात घरोघर जायचं ठरलं होतं. पोशीरकरीण एक्केचाळीस घरं फिरली. भातकापणीचे दिवस, बाया घरात सापडायच्या नाहीत, तर ही विळा घेऊन खाचरात उतरायची आणि त्यांच्या रांगेत कापत कापत विचारायची. चौककरणीनं एकोणचाळीस घरं केली, ताईनं पस्तीस. मी कर्जतात अठ्ठेचाळीस केली. सगळ्यांत जास्त! कशी केली ते पुढे येईलच.

मग सगळ्यांचे कागद माझ्या हाती आले आणि मी कपाळाला हात लावला. ताईचे महिने आश्विन-कार्तिक, चौककरणीचे ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकीनं मुलीचं वय पुरं झालेलं धरलं होतं, दुसरीनं चालू. एक ‘कुटुंब’ म्हणे, दुसरी ‘उंबरा’, तिसरी ‘घर’. ताईच्या भागात पहिली दीड पानं नुसती नमनाची. चौककरणीच्या भागात तक्ते आणि तक्त्यांच्या खाली काहीच नाही. आणि पोशीरकरणीचा भाग म्हणजे... तो मी तुम्हाला दाखवू शकले असते तर बरं झालं असतं. प्रत्येक घराखाली आईनं काय सांगितलं ते जसंच्या तसं. ‘धाकटं कुनाकडं ठेवू?’ ‘सासऱ्याची भाकर शेतावर कोन नेल?’ ‘एकच लुगडं हाय, धुतलं का ती घरात बसते.’ ‘मास्तर मारतो.’ ‘शेरडं हायेत ना.’ असं पानामागून पान.

मी पदर खोचला. महिने सगळे मराठी केले. वयं सगळी पुरी केली. ‘घर’ हा एकच शब्द ठेवला. इथपर्यंत मी जे केलं ते योग्यच होतं, आणि ते मी आजही कुणालाही सांगीन. मग मी कारणांच्या रकान्याकडे वळले. माझ्या भागात जवळजवळ सगळीकडे एकच शब्द होता, ‘गृहकृत्ये’. ताईचाही तोच. चौककरणीनं जागा कमी म्हणून ‘गृ.’ लिहिलं होतं. मग पोशीरचंच वेगळं कसं शोभेल? धाकटं सांभाळणं म्हणजे गृहकृत्य. भाकर नेणं म्हणजे गृहकृत्य. शेरडं राखणं, ओढूनताणून, गृहकृत्य. लुगड्याचं कुठे बसेना, तेही मी गृहकृत्यांतच कोंबलं. तिच्या वाक्यांना मी चांगले कपडे घातले, आणि तिला वाचून दाखवलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “लय ग्वाड झालंय गं. माजं वाटतच नाय.”

मी ते कौतुक समजले.

शेवटी कुणी काय केलं हे लिहायचं राहिलं होतं. तिथे मी विनयानं एकच ओळ लिहिली, ‘सर्वांनी मिळून केले.’ वळणदार, दोन्हीकडे फुलं काढून. दोन दिवसांनी नरकचतुर्दशी होती. आईनं बंबात घालायला कागद मागितला आणि मी चौघींचे कच्चे कागद काढून दिले. सगळ्यांच्या अभ्यंगस्नानाचं पाणी त्यावर तापलं. पक्की प्रत झाल्यावर कच्चं कशाला ठेवायचं?

पाडव्यानंतर आम्ही चौघी डाकबंगल्यावर गेलो. मोठ्या बाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून वाचत होत्या आणि आम्ही खांबांना टेकून उभ्या होतो. त्यांनी अख्खा अहवाल वाचला. बराच वेळ लागला. मग शेवटचं पान उलटलं, माझी फुलं बघितली आणि चष्मा काढला.

“सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. “एका हातचं वाटतं. एका हातचंच आहे ना?”

तिघींनी माझ्याकडे पाहिलं.

“मला चौघींना गुण द्यायचेत. यात चौघी कुठे आहेत?” मग त्यांनी पोशीरकरणीकडे पाहिलं. “तुझ्या भागात गृहकृत्ये हा शब्द सोळा वेळा आलाय. गृहकृत्ये म्हणजे काय?”

ती आधी घाबरली. मग तिनं बोटं मोजायला सुरुवात केली. “बाई, सा पोरी धाकटी भावंडं घेऊन बसतात. आय खाचरात आसते ना. चार जणी शेतावर भाकर नेतात. सकाळची शाळा सुटायच्या आदीच निघाया लागतं. तिघी शेरडांमागं. दोघी कांडायला. आनि एकीकडं लुगडं येकच हाय, धुतलं का दुसरं नाय.”

“सोळा झाल्या,” बाई म्हणाल्या. त्यांनीही बोटं मोजली होती. “मग हे यात का नाही?”

मी जमिनीकडे बघत होते. ती सांगणार, असं मला वाटलं, आणि तिनं सांगावं असंही थोडं वाटलं, म्हणजे मला सांगावं लागलं नसतं.

“माजं लिवनं बरं नव्हतं, म्हनून,” ती म्हणाली.

मी वाईट होते, पण इतकी नव्हते. मी म्हटलं, “बाई, तिनं लिहिलं होतं. मी पुसलं. तिला मदत व्हावी म्हणून.” शेवटचं वाक्य जोडल्याशिवाय मला राहवलं नाही, आणि जोडल्यावर ते किती पोकळ आहे तेही कळलं.

बाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. “मूळ कागद?” त्यांनी विचारलं.

“बंबात गेले.”

ताईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती हे मला नंतर कळलं.

“मी परवापर्यंत इथे आहे,” बाई म्हणाल्या. “या मुलीबद्दल मला याच अहवालावरून ठरवायचंय, आणि तिचं मला यात एक वाक्य दिसत नाही. पुन्हा करा. एकसंध पाहिजे, पण चौघी दिसल्या पाहिजेत. दोन्ही होतं. करून बघा.”

घरी येताना चौककरीण मला म्हणाली, “तू एवढी शहाणी असून अशी कशी गं?”

नशीब एवढंच, की प्रत्येकीची घरोघर फिरतानाची वही शाबूत होती. कच्चा मजकूर गेला, तरी मुळातल्या नोंदी राहिल्या होत्या. आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत सतरंजी टाकून आम्ही चार वह्या उघड्या ठेवल्या. या वेळी मी लेखणी खाली ठेवली आणि म्हटलं, आधी ठरवू या.

काय काय एक असायला हवं ते आधी ठरलं. महिने, वयं, ‘घर’ हा शब्द, तक्त्यांचे रकाने, भागांचा क्रम, पानांचे आकडे. तिथे चौघींनी एकच नियम पाळायचा. कारणांसाठी पोशीरकरणीचीच वर्गवारी घेतली: धाकटी भावंडं, शेतावरची भाकर, गुरं-शेरडं, दळण-कांडण, पाणी, कपडा, लग्न ठरलं, शाळेची भीती. प्रत्येकीनं आपली वही उघडून त्या रकान्यांत घरं घालायची. जे विचारलंच नसेल तिथे ‘विचारले नाही’ असं लिहायचं, अंदाज करायचा नाही. मात्र प्रत्येक भागाचा मजकूर जिचा तिचाच. तो कुणी बदलायचा नाही. शुद्धलेखन दाखवायचं, पण शब्द तिचे राहू द्यायचे. आणि आयांचं बोलणं अवतरणात, जसंच्या तसं.

ताईनं स्वतःहून नमनाची दीड पानं तीन ओळींवर आणली. “मलाही वाचताना झोप यायची,” ती म्हणाली. खरं सांगते, मला ताई त्या दिवशी पहिल्यांदा आवडली.

बेरजा पोशीरकरणीकडे दिल्या. सगळी मिळून एकशे त्रेसष्ट घरं. ती चौककरणीची आणि ताईची वही शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवत बसली होती. मधेच तिनं ताईची वही उलटी, खालून वर वाचायला घेतली.

“ताई, ही चौकच्या वाटंवरची डोंगराखालची वाडी तुमी खालून वर चढलाव?”

“झऱ्यापासून. पाणी भरायला आलेल्या बायका भेटल्या, त्यांच्याबरोबर वर गेले.”

“आनि तू वरून खाली आलीस?” तिनं चौककरणीला विचारलं.

“काकांबरोबर. वरच्या अंगाला गाडीवाट आहे. पुरुष मंडळी होती घरात, त्यांनी सांगितलं.”

“मंग ही नऊ घरं येकच हायेत.”

चौककरीण उसळली. तिच्या तक्त्यावर शिंतोडे म्हणजे काय! वाडीचं नाव वेगळं, घरमालकांची नावं वेगळी, एक कसं असेल? पोशीरकरीण शांतपणे म्हणाली, “नाव दोन्ही बाजूचे लोक येगळं घेतात. आनि ताईंच्या वहीत घरमालकाचं नावच नाय. बघा ना, थोरलीची आय, जावेची जाऊ, मधल्याची आय. ताईंनी बायांना विचारलं. बाया नवऱ्याचं नाव घेतील व्हय? तू बापय लोकांना विचारलंस, त्यांनी आपली नावं सांगितली. पोरी बघ. तुझ्या वहीत वरून: तीन, येक, दोन, काय नाय, चार. ताईंच्या वहीत खालून तेच. आनि आंधळी म्हातारी दोन्हीकडं पाचव्या घरात.”

आम्ही चौघींनी डोकी वह्यांवर घातली. तीन, एक, दोन, काही नाही, चार. पुढची चारही जुळली. नऊ घरांतल्या मुली आम्ही दोनदा घरी बसवल्या होत्या, आणि माझ्या सुंदर पक्क्या प्रतीत त्या दोनदा बसलेल्याच राहिल्या असत्या. एकशे चोपन्न घरं झाली. चौककरणीनं तक्ता फाडला, नवा कागद घेतला आणि पुन्हा लाल दुहेरी रेघ मारताना गुणगुणायला लागली. तिला नवा तक्ता मिळाला होता ना!

मग शेवटचं पान. या वेळी फुलं नाहीत. प्रत्येक भागासाठी तीन गोष्टी: माहिती कुणी जमवली, मजकूर कुणी लिहिला, कुणी तपासला. वाडीची नोंद दोघींच्या नावानं, आणि तिथेच, ‘ही घरे दोनदा धरली गेली होती, चूक पोशीरच्या विद्यार्थिनीने शोधली.’ कारणांची वर्गवारी: पोशीरची विद्यार्थिनी. बेरजा: तीच. तक्ते: चौकची. प्रस्तावना: खालापूरची. माझ्या नावापुढे मी लिहिलं, ‘कर्जतची माहिती, भाग जोडणे, पक्की प्रत. पहिल्या प्रतीत पोशीरच्या भागातली कारणे पुसून एक शब्द घातला होता. या प्रतीत मूळ कारणे परत घातली.’

“ह्ये कशाला लिवतेस गं?” पोशीरकरीण म्हणाली. “त्यांना ठाव हाय की.”

“त्यांना ठाऊक आहे. वाचणाऱ्याला नाही,” मी म्हटलं. एकदाची मी काहीतरी शहाणपणाचं बोलले.

चौघींनी आपापल्या नावापुढे आपल्या हातानं सही केली. चार अक्षरं चार तऱ्हेची. माझ्या पानावर दुसऱ्याचं अक्षर बघून माझा जीव थोडा खालीवर झालाच.

ठरल्या दिवशी बाईंनी शेवटचं पान आधी उलटलं. वाचून मग मागे आल्या. पोशीरच्या भागावर थांबल्या आणि तिलाच वाचायला सांगितलं. ती उभी राहिली आणि त्या एक्केचाळीस बाया एकेक करून डाकबंगल्याच्या व्हरांड्यात येऊन बोलायला लागल्या. ‘मास्तर मारतो’ला बाई हसल्या. लुगड्याशी त्यांनी तिला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग पेन्सिलीनं तिच्या सहीशेजारी लिहिलं, ‘दुसऱ्या वर्षास घ्यावे.’

तिनं ते उलट्या बाजूनं वाचलं, मग वाकून सुलट वाचलं, आणि मटकन खाली बसली. आम्ही तिघींनी तिला उठवलं. कुणाला रडायचं आणि कुणाला हसायचं हे ठरेना, म्हणून आम्ही दोन्ही केलं.

“थांब,” बाई मला म्हणाल्या. “कर्जतच्या भागात ‘विचारले नाही’ तेवीस ठिकाणी आहे.”

ते खरं होतं. अठ्ठेचाळीस घरं मी कशी केली, तर दारातून. काय गं, मुलगी शाळेत नाही का, घरकाम असेल, हो, घरकामच, असं मीच बोलून मीच लिहून पुढच्या दारी. सगळ्यांत मोठा आकडा माझा होता आणि खऱ्या रकान्यांत घालायला गेल्यावर सगळ्यांत रिकामा तक्ताही माझाच निघाला.

“सुट्टीचे अजून तीन दिवस आहेत,” बाई म्हणाल्या आणि अहवाल माझ्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पोशीरकरीण नेरळहून, त्यांच्या जवळच्या स्टेशनावरून, आली. मी बोलावलं नव्हतं. “चल, मी येते संगं,” म्हणाली. तिनं माझी वही घेतली आणि यादी वाचली. तेवीस घरांत पहिलं घर आमचं होतं. यादी मी आमच्या क्वार्टरपासून सुरू केली होती आणि आकडा वाढावा म्हणून आमचंही घर धरलं होतं. माझी बहीण, वय वर्षं बारा, शाळा यंदा पाचवीत सुटली. कारण: गृहकृत्ये. ते मी आईला न विचारताच लिहिलं होतं. आपल्या घरचं काय विचारायचं?

“इचार ना,” पोशीरकरीण म्हणाली.

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला हसू आलं, पण विचारलं. “आई, हिची शाळा का सुटली गं?”

आईनं सुपातून वर बघितलं नाही. “म्हणजे काय? तू ट्रेनिंगला गेलीस. मग घरातलं माझ्याबरोबर कोण बघणार? कुणीतरी राहायला हवं ना.” एक खडा बाजूला टाकला. “ती म्हणाली, अक्काला जाऊ दे, मी राहते.”

बहीण आतल्या खोलीत केर काढत होती. केरसुणीचा आवाज थांबला होता.

पोशीरकरणीनं वही उघडून माझ्यापुढे धरली, टाक माझ्या हातात दिला. म्हणाली, “जसं बोलल्या तसं लिव.”

मी लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी फार वाईट आलं, पण त्या ओळी मी पुन्हा सुवाच्य करून काढल्या नाहीत. अहवालात कर्जतच्या भागात पहिल्या घराखाली त्या तशाच आहेत, माझ्या सहीनिशी.